एक चौकट, दोन वाचक

खात्यातून पैसे दोनदा कापले गेले की ग्राहक मदतकेंद्राला ईमेल करतो आणि त्याला एक तिकीट क्रमांक मिळतो. त्या तिकिटावर पलीकडे कोण काय लिहितंय, ते सगळं त्याला दिसत नाही. Zendesk सारख्या प्रणालीत कर्मचाऱ्याला लिहायला चौकट एकच असते. `Public reply` निवडलं तर मजकूर ग्राहकाला जातो, `Internal note` निवडलं तर सहकाऱ्यांपुरता राहतो. अंतर्गत टिपेची चौकट पिवळी दिसते. ओळखायची मुख्य खूण हीच.

समजा, कर्मचारी लेखा विभागासाठी पिवळ्या चौकटीत लिहितो: ‘चूक आपल्याच यंत्रणेची आहे, आणखी बरीच खाती अडकली आहेत, इतरांना आत्ताच कळवू नका.’ मग तिकिटाची स्थिती बदलायला तो मॅक्रो, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेली कृती, वापरतो. त्या मॅक्रोत ‘उत्तर ग्राहकाला दिसावं’ हेही नोंदवलेलं असेल तर चौकट पांढरी होते आणि लिहिलेला मजकूर तसाच राहतो. घाईत बटण दाबलं जातं. नवीन उत्तर आलं की ग्राहकाला ईमेल पाठवायचा नियम आधीपासून चालू असतोच, त्यामुळे पत्र लगेच निघतं.

मोबाइलवर धोका वाढतो. तिकिटाची सूचना ईमेलने आली की कर्मचारी सहकाऱ्याला म्हणून तिथूनच उत्तर देतो. तिथे रंग नसतो, आणि ईमेलने आलेली उत्तरं ग्राहकाला दिसावीत अशी सेटिंग असेल तर ते थेट त्याच्याकडे जातं. मजकुराच्या अगदी वर `#note` लिहिलं तर ते आत राहतं, पण घाईत हे आठवणार कोणाला?

चूक लक्षात आल्यावर उत्तराचं टिपेत रूपांतर करता येतं. त्याने ते तिकिटावरून दिसेनासं होतं, गेलेलं पत्र मात्र परत येत नाही. म्हणून आधी तिकिटाच्या घटनांची नोंद उघडून सूचना कोणाकोणाला गेली ते पाहावं लागतं. ईमेलच्या प्रतीत आणखी कोणी असेल तर त्यालाही ती पोचलेली असते. टिपेत पासवर्ड असेल तर तो त्याच क्षणी बदलावा, खुलासा नंतर.

सावध व्यवस्थापक सुरुवातच टिपेने व्हावी अशी सेटिंग ठेवतात. यात उलटी चूक होते: उत्तर टिपेत पडून राहतं आणि ग्राहक वाट बघत बसतो. तरी हीच व्यवस्था बरी, कारण उशिरा गेलेल्या उत्तराबद्दल दिलगिरी व्यक्त करता येते. लेखा किंवा कायदा विभागातल्या माणसांना फक्त टिपा लिहिता येतील एवढाच प्रवेश देण्याचीही सोय आहे. त्यांच्या हातून ही चूक होण्याची शक्यता बरीच कमी होते.

तरीही टीप कायमची झाकलेली राहील असं धरून चालू नये. युरोपातल्या जीडीपीआर कायद्याच्या कलम १५ नुसार माणूस स्वतःविषयीच्या माहितीची प्रत मागू शकतो, आणि ‘हा ग्राहक कटकट्या आहे’ अशी टीपही त्या प्रतीत येऊ शकते.