‘सर्व प्रकारची कामे केली जातील’

इंटिरियर डिझायनर शोधून देणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर पुणे किंवा ठाणे निवडून पाहावे. एकामागून एक पाने उघडत जातात आणि बहुतेकांवर साधारण एकच मजकूर भेटतो. घर, ऑफिस, दुकान, हॉटेल, बंगला, सगळे करतो. आधुनिक, पारंपरिक, मिनिमल, सगळ्या शैलींत करतो. बजेट? तुमच्या बजेटप्रमाणे. खाली पंधरा-वीस झगमगीत चित्रे. नव्या फ्लॅटचा ताबा दोन महिन्यांवर आलेल्या जोडप्याने यातून कोणाला फोन करायचा? शेवटी ते ज्याचा सोफा आवडला त्याला फोन करतात. पुढे कळते की तो सोफा त्या डिझायनरने केलेलाच नव्हता, चित्र संगणकावर काढलेले होते.

अशी चित्रे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. ज्या भिंतीवर एकही स्विचबोर्ड नाही, एसीचा पाइप नाही आणि टीव्हीखाली एकही वायर नाही, ती भिंत बहुधा प्रत्यक्षात कुठेच नसते.

२००९ साली अमेरिकेत ‘हाउझ’ हे संकेतस्थळ सुरू झाले ते याच वैतागातून. आदी तातार्को आणि अलोन कोहेन या जोडप्याने कॅलिफोर्नियात जुने घर घेतले होते. त्याचे नूतनीकरण करताना मासिकांतली कात्रणे जमवूनही हवा तसा माणूस सापडेना. त्यांच्या संकेतस्थळावर व्यावसायिकाच्या पानावर कामाच्या नेहमीच्या खर्चासाठी वेगळी जागा ठेवलेली असते. ती रिकामी ठेवायची की भरायची हे व्यावसायिकाच्या हातात. आपल्याकडेही अशी जागा अनेक ठिकाणी असते, पण ती रिकामी तरी असते किंवा तिथे ‘३ लाखांपासून पुढे’ असे लिहिलेले असते. ‘पुढे’ म्हणजे कुठपर्यंत, हे साइटवर गेल्यावर कळते.

आपल्याकडे या पानाला आणखी एका कारणाने वजन आहे. ‘आर्किटेक्ट’ हा शब्द नावामागे लावायला १९७२च्या कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. ‘इंटिरियर डिझायनर’ या शब्दाला तशी कुंपणे नाहीत. व्यवसायाची संघटना आहे, पण तिचे सदस्यत्व ऐच्छिक. पदविका घेतलेली मुलगी, वीस वर्षे मुरलेला सुतार आणि कालपर्यंत पडदे विकणारा दुकानदार हे तिघेही स्वतःला डिझायनर म्हणवू शकतात. त्यांच्यातला फरक ग्राहकाला कळायचा तर तो त्यांनी स्वतःबद्दल काय लिहिले आहे त्यावरूनच.

उदाहरणासाठी पुण्यातली एक डिझायनर धरू. कल्पनेतली, पण तिची अडचण रोजची. तिला महिन्याला वीसेक चौकशा येतात. त्यातल्या पंधरा पहिल्या भेटीतच गळतात आणि त्या पंधरा भेटींत तिचे रविवार जातात. ती ठरवते की पानावर बजेटचा आकडा लिहायचा. आता आकडा आणायचा कुठून?

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. ते अंदाजपत्रकातला आकडा उचलतात. अंदाजपत्रक म्हणजे काम मिळवताना दिलेला आकडा. काम संपताना झालेले बिल वेगळे असते. आपली डिझायनर शेवटच्या पाच टू-बीएचके फ्लॅटची अंतिम बिले काढते, सगळे फ्लॅट ६५० चौरस फूट कार्पेटच्या आसपासचे. फी आणि कर सोडून आकडे येतात ते असे: ७.१, ८.४, ९.२५, ११.६ आणि १७.३ लाख. शेवटच्या घरात दोन्ही बाथरूम फोडून पुन्हा केल्या होत्या आणि हॉलला संगमरवर लावला होता. ते काम तिच्या नेहमीच्या कामांत बसत नाही, म्हणून ते बाजूला. उरले ७ ते १२ लाख. ‘३ ते ५० लाख’ लिहिले असते तर सगळेच त्यात मावले असते आणि कोणालाच काही कळले नसते.

ती ‘७ ते १२ लाख’ लिहिते. आठवड्याभरात एक गृहस्थ फोन करतात. बजेट ९ लाख. पट्ट्याच्या अगदी मधोमध! भेट होते, मोजमाप होते आणि तिसऱ्या बैठकीत दोघांनाही घाम फुटतो.

झाले असे की ती ‘कामा’विषयी बोलत होती आणि गृहस्थ ‘खिशा’विषयी. तिच्या ७ ते १२ लाखांत किचन, दोन वॉर्डरोब, बेड, टीव्ही युनिट, हॉलचे फॉल्स सिलिंग, वायरिंगचे बदल आणि रंगकाम येते. गृहस्थांच्या ९ लाखांत मात्र सोफा, पडदे, चिमणी, शेगडी, दिवे आणि पंखे हेही आहेत, कारण त्यांच्या दृष्टीने घर म्हणजे राहायला जाण्याजोगे घर. या बाहेरच्या वस्तूंना साधे घेतले तरी १.६ लाख धरू. राहिले ७.४ लाख. तिची फी कामाच्या १० टक्के. फी आणि काम मिळून एकच बिल ती करते, तिची जीएसटी नोंदणी आहे, म्हणजे त्यावर १८ टक्के कर. शंभर रुपयांचे काम फीसह ११० आणि करासह १२९ रुपये ८० पैसे होते. ७.४ लाखांना याच हिशेबाने मागे नेले की प्रत्यक्ष कामाला उरतात साधारण ५.७ लाख. पट्ट्याच्या मधोमध वाटणारे गृहस्थ मुळात पट्ट्याच्या खाली होते, आणि दोघांपैकी एकही खोटे बोलत नव्हता.

म्हणून पानावर एक आकडा पुरत नाही, दोन लागतात. एक कामाचा, दुसरा कुलूप उघडून राहायला जाईपर्यंतचा. तिच्या बाबतीत दुसरा आकडा वरच्याच हिशेबाने सुमारे पावणेअकरा ते सव्वासतरा लाख होतो. हा आकडा लिहायला धाडस लागते, कारण शेजारच्या पानावर ‘३ लाखांपासून’ झळकत असते. चौकशा कमी होणार हे उघड आहे. पण तिच्या पंधरा रविवारांचा प्रश्नही तिथेच सुटतो.

चौरस फुटाचा दर लिहिणाऱ्यांचा घोटाळा याहून मजेदार. ‘१,५०० रुपये चौरस फूट’ म्हणजे कशाचा चौरस फूट? फ्लॅटच्या कार्पेटचा असेल तर ६५० फुटांच्या घराचे काम पावणेदहा लाखांत होते. सुताराच्या भाषेतला असेल तर तो कपाटाच्या दर्शनी बाजूचा, म्हणजे रुंदी गुणिले उंची. सात फूट रुंद आणि सात फूट उंच कपाट ४९ चौरस फूट भरते आणि त्या एका कपाटाचेच ७३,५०० रुपये होतात. वरचा लॉफ्ट, आतले ड्रॉवर, आपोआप हळू बंद होणाऱ्या बिजागऱ्या यांचा हिशेब कित्येकदा वेगळा. दर लिहायचा तर कशाचा आणि आत काय काय, हे त्याच ओळीत यायला हवे.

आकड्याला तारीखही हवी. प्लायवुड, लॅमिनेट आणि मजुरी यांचे भाव हलत राहतात. तीन वर्षांपूर्वीच्या बिलावरून लिहिलेला पट्टा वाचून आलेला माणूस पहिल्याच कोटेशनला फसवले गेल्यासारखा बघतो.

आता कामाचे प्रकार. ‘रेसिडेन्शियल’ या एका शब्दात दोन पूर्णपणे वेगळे धंदे लपलेले असतात. नवा, रिकामा फ्लॅट हा एक. तिथे बिल्डरची फरशी आणि रंग आहे, सुतार सकाळी येतो, संध्याकाळी कुलूप लावून जातो. दुसरा, माणसे राहत असलेले तीस वर्षांचे घर. तिथे टाइल उखडल्यावर आत काय निघेल हे कोणी सांगू शकत नाही. गंजलेला पाइप निघाला की खालच्या मजल्यावरच्या काकांशीही बोलावे लागते. सोसायटीची परवानगी, अनामत रक्कम, दुपारी ठोकाठोक बंद, रॅबिट गोण्यांत भरून उचलायचे. आठ बाय चारची प्लाय छोट्या लिफ्टमध्ये जात नाही, मग ती खांद्यावरून जिन्याने चढते आणि मजल्यागणिक मजुरी वाढते. नव्या फ्लॅटमध्ये हात बसलेली डिझायनर इथे वेळापत्रक आणि बजेट दोन्ही चुकवू शकते. त्यामुळे ‘ताबा मिळालेले नवे फ्लॅट करते, राहत्या घरात फोडकाम घेत नाही’ हे वाक्य तिच्या पानावरचे सर्वांत उपयोगी वाक्य ठरते. डिझायनरांना नेमके असले नकार लिहायला जिवावर येते.

कामाच्या पद्धतीबद्दल लोक लिहितात ते ‘पॅशन’, ‘डिटेलिंग’, ‘क्लायंट फर्स्ट’. ग्राहकाला हवी असते निराळी माहिती. सुतार कोणाचा, डिझायनरचा की माझा? सामान कोण आणणार? फक्त ड्रॉइंग देऊन मोकळी होणार की चावी हातात देईपर्यंत सोबत राहणार? थ्रीडी चित्रे किती वेळा बदलून मिळणार? साइटवर ती स्वतः आठवड्यातून किती वेळा येणार आणि उरलेले दिवस कोण असणार? आणि एक नाजूक प्रश्न, जो कोणी विचारत नाही पण प्रत्येकाच्या मनात असतो: हार्डवेअरच्या दुकानात ती सोबत येते तेव्हा दुकानदार तिला काही देतो का? दुकानांनी डिझायनरला कमिशन देण्याची रीत या धंद्यात जुनीच आहे. घेत असेल तर फी त्या मानाने कमी आहे का, आणि घेत नसेल तर तसे स्वच्छ लिहिले आहे का, एवढे कळले तरी पुढचे बरेच संशय उगवत नाहीत.

हे सगळे लिहायला पानभर मजकूर लागत नाही. आपल्या डिझायनरचे नवे पान असे होते: “पुणे शहर. ५०० ते ९०० चौरस फूट कार्पेटचे, ताबा मिळालेले नवे फ्लॅट. सुतार आणि सामान आमचे, एकच बिल. वर्षाला सात-आठ घरे, एका वेळी तीनच. ६५० फुटांच्या टू-बीएचकेचे काम ७ ते १२ लाख. फी, जीएसटी, सोफा, पडदे आणि किचनची उपकरणे धरून राहायला जाईपर्यंत सुमारे पावणेअकरा ते सव्वासतरा लाख. किचनला आयएस ७१० मार्कची प्लाय. थ्रीडीत दोन बदल फीमध्ये, पुढच्या प्रत्येक बदलाला वेगळे पैसे. मी आठवड्यातून दोनदा साइटवर, सुपरवायझर रोज. दुकानांकडून कमिशन नाही. बाथरूम फोडायचे काम घेत नाही.” त्याखाली पूर्ण झालेल्या चार घरांचे मोबाइलवर काढलेले फोटो, प्रत्येकाखाली फ्लॅटचा आकार, कामाला लागलेले आठवडे आणि अंतिम बिल. चकचकीत थ्रीडी चित्रे तिने काढून टाकली. एक मात्र ठेवले, पण त्याच हॉलच्या खऱ्या फोटोशेजारी. चित्रात जिथे कोरी भिंत होती तिथे फोटोत स्विचबोर्ड आहे, इंटरनेटचा राउटर आहे आणि त्यावर कोणीतरी वाळत टाकलेला मोजा आहे.