कांड्या दिसतात, पण फोन वाजत नाही

वरच्या कोपऱ्यातल्या कांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत पोचतोय. त्या टॉवरच्या यंत्रणेत तुमच्या सिमची नोंद झाली आहे का, हे त्यांवरून कळत नाही. ही नोंद बिघडली की फोन हातात असूनही समोरच्याला ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ ऐकू येतं. अशा वेळी एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा. फोनला नव्याने नोंद करावी लागते.

इंटरनेट चालतं, पण कॉल येत नाहीत, असं असेल तर सेटिंगमध्ये सिमच्या पानावर व्होल्टी चालू आहे का ते आधी बघा. जिओकडे टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे व्होल्टी बंद असेल तर साध्या कॉलला वाटच उरत नाही. ती चालू असेल, तर `*#21#` डायल करून कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले नाहीत ना, ते तपासा.

‘नो सिम’ दिसत असेल तर मात्र गोष्ट वेगळी. फोन बंद करून ट्रे काढा, सोनेरी पट्ट्या कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि कापलेला कोपरा जुळवून सिम बसवा. तरीही दिसलं नाही, तर तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये घाला. तिथे चाललं, तर बिघाड तुमच्या फोनमध्ये आहे. नाही चाललं, तर कंपनीच्या दुकानातून सिम बदलून घ्या. नंबर तोच राहतो.