आई-बाबांच्या घरी आरओ बसवण्याआधी

दिवाळी जवळ आली की पुण्या-मुंबईत नोकरी करणारी मुलं गावाकडच्या घरासाठी वॉटर प्युरिफायर बघायला लागतात. दुकानदार पंधरा हजारांचा आरओ दाखवतो, मुलगा पैसे भरतो आणि खोकं थेट गावी पोचतं. मात्र त्या घरात कोणतं पाणी येतं, हे या व्यवहारात कुणीच विचारलेलं नसतं. कोणतं यंत्र घ्यायचं, ते किती वर्षं टिकेल आणि दर वर्षी किती खर्च येईल, हे सगळं त्या पाण्यावरच ठरतं.

अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाण पट्टा आहे. तिथलं भूजलच खारट आहे. अशा गावातलं एक घर धरू. धरणाच्या योजनेचं नळाचं पाणी आठ दिवसांआड येतं, बाकीचे दिवस बोअरवर निघतात आणि दोन्ही पाणी स्लॅबवरच्या एकाच टाकीत पडतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर काही शे रुपयांना मिळतं. घरी गेलात की नळाचं पाणी एका पेल्यात आणि बोअरचं दुसऱ्यात घेऊन दोन्ही मोजा. समजा, नळाचं पाणी २३० आणि बोअरचं १६०० भरलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंतचे क्षार योग्य मानतात. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात.

म्हणजे या घरातल्या नळाच्या पाण्याला आरओची गरजच नाही. त्यात काही धोका असेल तर तो जंतूंचा, आणि त्यासाठी यूव्ही किंवा यूएफ प्युरिफायर पुरतो. पिण्याला आणि स्वयंपाकाला दोघांना दिवसाला पंधरा लिटर पाणी धरलं तर आठ दिवसांना १२० लिटर होतं. नळाच्या पाण्यासाठी दोनशे लिटरची वेगळी टाकी बसवून तिच्यावर यूव्ही जोडला तर काम स्वस्तात होतं. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या पाण्यावर आरओ वापरायला बंदी घालावी, असं केंद्राला सांगितलं होतं, कारण आरओ बरंच पाणी वाया घालवतो.

मीटर फक्त क्षार मोजतं. जंतू, नायट्रेट किंवा फ्लोराइड त्यावर कळत नाहीत. बोअरचं पाणी प्यायचं असेल तर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नमुना देऊन एकदा अहवाल घ्या. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली लागते, ती आधी मागून घ्या आणि नमुना त्याच दिवशी पोचवा.

ज्या घराला बोअरशिवाय पर्यायच नाही तिथे मात्र आरओ हवाच. तो बसवताना पहिली अडचण दाबाची येते. बहुतेक यंत्रांना आत येणाऱ्या पाण्याचा ०.३ किलोच्या आसपास दाब लागतो, म्हणजे टाकी यंत्राच्या सुमारे दहा फूट वर हवी. बैठ्या घरात स्लॅबवरच्या टाकीचा तळ ओट्यावरच्या यंत्रापासून जेमतेम सहा-सात फूट उंच असतो. मग यंत्र थांबत थांबत चालतं किंवा टाकी भरायला तासन्‌तास लागतात, आणि बसवायला आलेला माणूस जादा पंपाचे पैसे मागतो. हे अंतर आधीच टेपने मोजा आणि कंपनीला विचारा. ओट्याजवळ अर्थिंग असलेला प्लग पॉइंट आणि वाया जाणारी नळी सोडायला जागा आहे का, तेही पाहा.

ही वाया जाणारी नळी आरओचं सगळ्यात दुर्लक्षित अंग आहे. घरगुती आरओ साधारण एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी सोडून देतो. १६०० टीडीएसच्या पाण्यातले क्षार त्या सोडलेल्या पाण्यात जमा होतात आणि त्याचा टीडीएस दोन हजारांच्या वर जातो. ते संडासात टाकायला चालतं, पण तुळशीला किंवा परसबागेला घातलं तर माती खारट होत जाते.

विजेची काळजी मात्र सोडून द्या. यंत्राचा पंप साठ वॉटच्या आसपास असतो आणि तासाला दहा-पंधरा लिटर पाणी देतो. पंधरा लिटरसाठी तो तास-दीड तास चालेल, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त तीन युनिट. खरा प्रश्न वीज जाण्याचा आहे. साठवण टाकी असलेलं यंत्र वीज नसतानाही सात-आठ लिटर पाणी देतं, पण साठवण नसलेला यूव्ही त्या वेळी बंदच पडतो. भारनियमन असलेल्या गावात टाकीचंच यंत्र घ्या.

खर्च होतो तो देखभालीवर. सेडिमेंट आणि कार्बन फिल्टर सहा महिन्यांपासून वर्षापर्यंत चालतात. मेंब्रेन दोन-तीन वर्षं टिकतं, पण खाऱ्या आणि जड पाण्यात त्याआधीही जातं. वर्षाला पाच हजार धरले तर पहिल्या वर्षाची वॉरंटी सोडून पुढच्या चार वर्षांचे वीस हजार होतात. म्हणजे पंधरा हजारांचं यंत्र पाच वर्षांत पस्तीस हजारांना पडतं. एएमसी घेताना तिच्यात फिल्टर आणि मेंब्रेन धरलेलं आहे की फक्त माणसाच्या फेऱ्या, हे लेखी विचारा, कारण स्वस्त करारात बहुधा फक्त फेऱ्याच असतात.

विक्रीआधी कंपनीच्या सेवा क्रमांकावर फोन करा आणि गावाचा पिनकोड सांगून माणूस कुठून येणार ते विचारा. तालुक्याच्या गावात कुणी नसेल आणि माणूस साठ किलोमीटरवरून येणार असेल, तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते घेऊ नका. नोंदणी करताना आई-बाबांच्या नंबरसोबत तुमचाही मोबाइल द्या, म्हणजे तक्रारीची माहिती तुमच्यापर्यंतही येईल.

यंत्र बसलं की त्याच दिवशी शुद्ध पाण्याचा टीडीएस मोजा आणि तारखेसह कागदावर लिहून यंत्राच्या झाकणाला आतून चिकटवा. १६०० च्या पाण्यावर चांगलं मेंब्रेन साधारण शंभर-दोनशेवर येतं. पुढे हा आकडा चारशेच्या वर गेला तर मेंब्रेन गेलं समजा. आकडा तोच राहिला पण धार बारीक झाली, तर बहुधा पुढचा फिल्टर तुंबलेला असतो. ही नोंद नसेल तर घरात आलेला माणूस ‘काकू, मेंब्रेन गेलं, चार हजार लागतील’ म्हणतो आणि आई पैसे काढून देते. मीटर हाताशी असेल तर ती आधी पेला भरून मोजते. फिल्टर बदलायची तारीख आली म्हणून कुणी अनोळखी माणूस फोन करत असेल, तर कंपनीच्या क्रमांकावर विचारल्याशिवाय त्याला घरात घ्यायचं नाही, हेही त्यांना सांगून ठेवा.

आई-बाबा दोन महिने तुमच्याकडे राहायला आले की टाकीत पाणी साचून राहतं. निघताना टाकी रिकामी करून यंत्र बंद करायला सांगा. परतल्यावर पहिल्या दोन टाक्या ओतून द्यायच्या.

आई-वडील स्वतःच्या खिशातून पाच हजार काढायला कचरतात आणि फिल्टर न बदलताच वर्षानुवर्षं तेच पाणी पितात. म्हणून एएमसीच्या नूतनीकरणाची तारीख तुमच्या मोबाइलमध्ये लावा आणि दर वर्षी तुम्हीच पैसे भरा. ते जमणार नसेल तर आरओ न देता नळाच्या पाण्याची वेगळी टाकी आणि साधा यूएफ द्या. त्याचा खर्च ते स्वतः सहज सांभाळतील.