घरचे वाचतील या भीतीने मनाची वही अर्धवट राहते तेव्हा

चिंता, नैराश्य किंवा पॅनिक अटॅकवर उपचार सुरू असताना डॉक्टर किंवा समुपदेशक बऱ्याचदा घरी एक वही ठेवायला सांगतात. कधी अस्वस्थ वाटले, तेव्हा काय घडत होते, मनात कोणता विचार आला, हे त्यात लिहायचे असते. वहीचे काम सोपे वाटते. पण आपल्याकडे बहुतेक घरांत स्वतंत्र खोली नसते, कपाटाच्या किल्ल्या सगळ्यांना माहीत असतात आणि सुट्टीच्या दिवशी आवराआवर करताना कोणाच्याही हाताला कोणतीही वही लागू शकते. त्यामुळे रुग्ण लिहितात, पण जपून लिहितात. अशा जपून लिहिलेल्या नोंदीवर उपचार ठरला तर तो चुकीच्या दिशेने जाऊ शकतो. म्हणून वही खासगी कशी ठेवायची आणि ती खरी आहे की नाही हे कसे ओळखायचे, ते या लेखात पाहू.

या वहीत नेमके काय लिहायचे असते?

वर्तनोपचारात वापरल्या जाणाऱ्या या पद्धतीला 'विचारांची नोंद' म्हणतात. कागदावर रकाने आखलेले असतात. पहिल्यात प्रसंग, दुसऱ्यात भावना आणि तिची तीव्रता ० ते १०० मध्ये, तिसऱ्यात त्या क्षणी आपोआप आलेला विचार. पुढच्या दोन रकान्यांत तो विचार खरा असल्याचे आणि नसल्याचे पुरावे लिहायचे. त्यानंतर दोन्ही बाजू धरून तयार झालेला संतुलित विचार आणि शेवटी भावनेची तीव्रता पुन्हा एकदा मोजायची.

यातला सर्वात महत्त्वाचा रकाना तिसरा. मनाला खरोखर झोंबलेला विचार तिथे आला, तरच पुढचे पुरावे आणि संतुलित विचार उपयोगी पडतात. घरचे वाचतील ही भीती नेमकी याच रकान्यावर परिणाम करते. प्रसंग लिहायला कोणी घाबरत नाही. 'त्या वेळी मला सासूबाईंबद्दल काय वाटले' हे लिहायला हात थांबतो.

एक उदाहरण

पुढील उदाहरण अनेक रुग्णांचे अनुभव एकत्र करून बनवलेले आहे.

साधारण ३५ वर्षांच्या एक ताई, नोकरी करणाऱ्या, दोन खोल्यांच्या घरात नवरा, मुलगा आणि सासूबाईंसोबत राहतात. छातीत धडधड आणि झोप न लागणे या तक्रारींसाठी उपचार सुरू झाले. तीन आठवड्यांनी त्यांनी वही आणली. एक नोंद अशी होती. प्रसंग : संध्याकाळी स्वयंपाक करताना. भावना : काळजी, ५०. विचार : मुलाचा अभ्यास नीट होत नाही. संतुलित विचार : तो हुशार आहे, परीक्षेला वेळ आहे. नंतरची तीव्रता : ४५.

कागद नीटनेटका होता, पण तीन गोष्टी जुळत नव्हत्या. तीव्रता ५० लिहिली होती, पण बोलताना त्या म्हणाल्या की त्या संध्याकाळी त्यांना गॅस बंद करून बाथरूममध्ये जाऊन बसावे लागले. तीन आठवड्यांतले सगळे आकडे ४० ते ५५ च्या मध्ये होते. आणि चार माणसांच्या घरातल्या वहीत मुलाशिवाय कोणाचाही उल्लेख नव्हता.

दार बंद करून तीच नोंद पुन्हा केली, तेव्हा चित्र वेगळे निघाले. पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिला घराकडे बघायला वेळ कुठे असतो?" आणि नवरा गप्प राहिला होता. आलेला विचार : 'या घरात माझी बाजू घेणारे कोणीच नाही.' तीव्रता ८५. मग पुरावे तपासले. नवरा त्या वेळी बोलला नाही हे खरे. पण त्या पॅनिक अटॅकमुळे घाबरल्या तेव्हा रात्री दवाखान्यात घेऊन तोच आला होता आणि मुलाचा डबा आता तोच भरतो, हेही खरे. संतुलित विचार असा झाला : 'तो आईसमोर बोलायला कचरतो. पण मी एकटी नाही. हे मला त्याच्याशी वेगळे बोलावे लागेल.' तीव्रता ५५ वर आली.

पहिल्या नोंदीत तीव्रता फक्त ५ ने उतरली, कारण दुखत होते एका ठिकाणी आणि मलम लावले दुसऱ्याच ठिकाणी. अशा नोंदी आठवडेच्या आठवडे केल्या की रुग्णाला वाटते, 'हा उपचार मला लागू पडत नाही.' डॉक्टरांना आकडे मध्यम दिसतात, म्हणून त्रास मध्यम वाटतो आणि गोळीचा डोस किंवा भेटींमधले अंतर त्यावरच ठरते. हा तोटा छोटा नाही.

तुमची वही जपून लिहिली जाते आहे का?

स्वतःला हे ओळखता येते. माणसांची नावे टाळून 'सगळे', 'घरात', 'काही लोक' असे लिहिले जाते. बहुतेक नोंदी 'पण आता ठीक आहे' या वाक्यावर संपतात. आकडे जवळजवळ सारखेच राहतात. लिहिताना 'कोणी विचारले तर काय सांगायचे' याचे उत्तरही मनात तयार होत असते.

शंका आली तर एक साधी चाचणी करा. एखादा प्रसंग वहीत नेहमीसारखा लिहा आणि तीव्रतेचा आकडा टाका. मग तोच प्रसंग एका सुट्या कागदावर, लगेच फाडायचे ठरवून लिहा आणि पुन्हा आकडा टाका. दोन आकड्यांत २० किंवा त्याहून जास्त फरक असेल, किंवा कागदावर वेगळाच माणूस आला, तर वही तुमच्यापेक्षा घरच्यांसाठी लिहिली जाते आहे. हे डॉक्टरांना सांगा. यात तुमचा दोष नाही, फक्त पद्धत बदलायला हवी.

खासगी ठेवण्याचे उपाय

*लिहा आणि फाडा.* मनातले लिहिण्याचा फायदा होण्यासाठी कागद जपून ठेवणे गरजेचे नसते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवाबद्दल लिहिले. लिखाण गुप्त राहील याची त्यांना खात्री दिली होती. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लगेच थोडे जास्त वाईट वाटले, पण पुढच्या काही महिन्यांत ते आजारपणासाठी दवाखान्यात कमी वेळा गेले. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा लहानच दिसला आहे. त्यामुळे याला उपचाराची जोड समजा, पर्याय नाही. लिहिताना फार असह्य वाटू लागले, तर तो विषय त्या दिवशी सोडून द्या.

फाडायचा कागद वहीवर ठेवून लिहू नका. पेनाचा दाब खालच्या पानावर उमटतो आणि वाचता येतो. पाट किंवा ताटासारख्या कडक गोष्टीवर ठेवून लिहा. फाडलेले तुकडे रद्दीत न टाकता भिजवून ओल्या कचऱ्यात टाका.

*घरी फक्त आकडा आणि खूण ठेवा.* फाडण्यापूर्वी छोट्या डायरीत तारीख, वेळ, आकडा आणि एक अक्षर लिहा. उदाहरणार्थ, 'सायं. ७, ८५, क'. 'क' म्हणजे कोण किंवा काय, हे फक्त तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना माहीत असू द्या. त्यावरून तो प्रसंग भेटीत आठवतो आणि पुढचे रकाने तिथे बसून भरता येतात. फक्त भेट आठवड्या-दोन आठवड्यांत असावी, नाहीतर आकडा उरतो आणि प्रसंग विसरला जातो.

*कागद दवाखान्यात ठेवा.* भरलेला तक्ता तुमच्या फाइलमध्ये ठेवता येतो का, हे विचारा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारादरम्यान मिळालेली माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. याला काही अपवाद आहेत, जसे कोणाच्या जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश. तुम्ही नेमलेल्या प्रतिनिधीलाही त्याची जबाबदारी पार पाडण्यापुरती माहिती देता येते. म्हणून प्रतिनिधी म्हणून कोणाचे नाव देता, याचा विचार करा.

*मोबाइल आपोआप सुरक्षित होत नाही.* जोडीदाराचे बोट तुमच्या फोनच्या लॉकमध्ये नोंदवलेले आहे का, ते पाहा. एकच गुगल खाते घरातल्या टॅबवर किंवा मुलाच्या फोनवरही चालू असेल, तर त्या खात्यातल्या नोंदी तिथेही दिसतात. वहीच्या पानाचा फोटो काढला, तर तो कुटुंबाच्या सामाईक अल्बममध्ये जाऊ शकतो. पुसलेल्या नोंदी आणि फोटो काही दिवस 'ट्रॅश'मध्ये राहतात, तेही रिकामे करा.

घरात मारहाण किंवा धमक्या होत असतील, तर खूण असलेली डायरीही घरी ठेवू नका. ती सापडणेच धोक्याचे ठरू शकते. हे डॉक्टरांना भेटीत तोंडी सांगा. महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तातडीच्या वेळी ११२ वर फोन करा.

घरच्यांसाठी

आपल्या माणसाचे काय चालले आहे हे कळावे, म्हणून वही वाचण्याचा मोह होतो. पण वहीतला विचार हा त्या व्यक्तीचा अंतिम निर्णय नसतो. तो तपासण्यासाठीच लिहिलेला असतो. 'कोणीच माझी बाजू घेत नाही' हे वाक्य वाचून तुम्ही दुखावलात, पण त्याखालचे पुरावे अजून लिहायचे असतील. शिवाय एकदा वही वाचली गेल्याचे कळले की पुढच्या नोंदी जपूनच होतात आणि तुमच्या माणसाचा उपचार अडतो.

वाचून झाले असेल, तर लपवू नका. शांतपणे सांगा, "मी तुझी वही वाचली, माझे चुकले, पुन्हा वाचणार नाही." भांडणात त्यातली वाक्ये काढू नका.

जिवाचे बरेवाईट करण्याची शंका असेल, तर वही शोधत बसण्यापेक्षा थेट विचारा : "तुला जगू नये असे वाटते का?" विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर 'हो' असेल, तर त्यांना एकटे सोडू नका, औषधे आणि कीटकनाशके हाताबाहेर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

डॉक्टरांना लगेच कधी सांगावे?

स्वतःला इजा करण्याचे किंवा मरणाचे विचार वहीत येऊ लागले, तर ते वहीपुरते ठेवू नका, आणि कोणी वाचेल म्हणून खोडूनही टाकू नका. पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. 'टेली-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर २४ तास मराठीतही बोलता येते. इतर वेळी, पुढच्या भेटीत पहिले वाक्य एवढेच पुरे आहे : "मी वहीत सगळे लिहीत नाही, कारण घरी वाचली जाईल अशी भीती वाटते." त्यानंतर तुमच्या घराला जमेल अशी पद्धत दोघे मिळून ठरवू शकता.