‘हॅलो… आवाज येत नाहीये!’

सांगली जिल्ह्यातल्या एका पिठाच्या गिरणीत रोज संध्याकाळी एकच नाट्य घडत होतं. मालक गिऱ्हाइकाला फोन लावायचे, ‘दळण झालंय, डबा घेऊन जा’ म्हणायचे आणि पलीकडून यायचं, ‘हॅलो? हॅलो? अहो, आवाज येत नाहीये तुमचा!’ मालकांना मात्र समोरच्याचा शब्द न् शब्द ऐकू यायचा. ते ओरडायचे, दारात यायचे, रस्त्यावर जायचे. शेवटी रेंजला शिव्या घालून त्यांनी सिम दुसऱ्या कंपनीचं घेतलं. फरक शून्य.

घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने पहिलीच शंका काढली ती माइकची. तिने रेकॉर्डर उघडला, वडिलांना दोन वाक्यं बोलायला लावली आणि ऐकवली. आवाज खणखणीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेजही सगळ्यांना नीट ऐकू जात होते. म्हणजे माइक ठणठणीत, असा निष्कर्ष निघाला आणि शोध पुन्हा रेंजकडे वळला.

इथेच बहुतेक जण फसतात. रेकॉर्डिंग नीट होतं, एवढ्यावरून कॉलवर आवाज नीट जाईल असं ठरत नाही. कॉल आणि रेकॉर्डर हे एकाच फोनमध्ये राहत असले तरी त्यांची ऐकण्याची पद्धत निराळी असते.

आजच्या जवळजवळ प्रत्येक स्मार्टफोनमध्ये एकाहून जास्त माइक असतात. मुख्य माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या खाचेशेजारी असतो. दुसरा वरच्या कडेला किंवा कान लावायच्या पट्टीजवळ आणि बऱ्याच फोनमध्ये तिसरा मागे, कॅमेऱ्याच्या बाजूला असतो. बाहेरून दिसतं ते टाचणीच्या टोकाएवढं भोक. त्याच्या आत बारीक जाळी, जाळीमागे रबराची छोटी चकती आणि त्याखाली खरा माइक, ज्याचा पडदा उघड्या डोळ्यांना धड दिसणारही नाही इतका लहान.

दुसरा माइक कशाला? गोंगाट ओळखायला. 2010 मध्ये आलेल्या गुगलच्या नेक्सस वन फोनमध्ये ही सोय होती आणि त्याच वर्षीच्या आयफोन 4 मध्येही. युक्ती साधी आहे. फोन कानाला लावला की खालचा माइक तोंडाच्या जवळ येतो आणि वरचा लांब राहतो. त्यामुळे बोलणाऱ्याचा आवाज खालच्या माइकला बराच मोठा आणि वरच्याला बारीक ऐकू जातो. रस्त्यावरचा हॉर्न किंवा गिरणीची घरघर मात्र लांबून येते, म्हणून ती दोन्ही माइकना साधारण सारखीच ऐकू येते. फोनमधला प्रोग्रॅम सेकंदात कितीतरी वेळा ही तुलना करतो. जे खाली मोठं आणि वर लहान ते बोलणं, ते पुढे पाठवायचं. जे दोन्हीकडे सारखं तो गोंगाट, तो दाबायचा.

आता खालच्या भोकात पीठ भरलं तर काय होईल? बोलणाऱ्याचा आवाज खालच्या माइकपर्यंत दबकत पोहोचतो. वरचं भोक मोकळं असलं तरी ते तोंडापासून लांब, म्हणजे तिथेही आवाज बारीकच. दोन्हीकडे साधारण सारखा आवाज आला की प्रोग्रॅम आपल्या हिशेबाने बरोबर निर्णय घेतो: हा गोंगाट आहे. आणि मालकाचाच आवाज दाबून टाकतो. मालक ओरडले तरी उपयोग नाही, कारण ओरडण्याने दोन्ही माइकचा आवाज सारखाच वाढतो, त्यांच्यातला फरक वाढत नाही.

रेकॉर्डरला ही भानगड नसते. तो गोंगाट गाळण्याच्या फंदात सहसा पडत नाही. उलट बारीक आवाज आला तर तो आपोआप वाढवून घेतो. शिवाय रेकॉर्डिंग करताना माणूस फोन तोंडासमोर धरतो आणि शक्यतो शांत खोलीत बसतो. अनेक फोन रेकॉर्डिंगसाठी खालचा आणि वरचा असे दोन्ही माइक वापरतात, त्यातला एक बंद असला तरी दुसरा निभावून नेतो.

गिरणीवाल्यांच्या बाबतीत हे दुसऱ्या दिवशी उघड झालं. मुलीने तेच रेकॉर्डिंग इअरफोन लावून ऐकलं, तर वडिलांचा आवाज एकाच कानात! दुसऱ्या कानात नुसती खसखस. फोनच्या स्पीकरवर ऐकताना हा फरक कळलाच नव्हता. मग तिने आणखी एक गोष्ट केली, जी कुणालाही घरी करता येईल. रेकॉर्डर चालू ठेवून प्रत्येक भोकाशेजारी नखाने हळूच खरवडायचं, आधी खाली, मग वर, मग कॅमेऱ्याजवळ, आणि प्रत्येक वेळी तोंडाने सांगायचं की आता कुठे खरवडतोय. परत ऐकताना जिथे ‘खर्र’ असा मोठा आवाज येतो तो माइक जिवंत. खालच्या भोकाचा आवाज वरच्याच्या मानाने अगदीच फिका आला, तर गुन्हेगार सापडला. (मोनो रेकॉर्डर मात्र एकाच माइकवर भिस्त ठेवतो, तेव्हा दुसऱ्या माइकबद्दल यातून काही कळणार नाही. मग व्हिडिओ काढून बघावा, एकदा पुढच्या कॅमेऱ्याने, एकदा मागच्या.) सॅमसंगच्या फोनमध्ये Samsung Members या अ‍ॅपमधल्या तपासण्यांतही माइकची चाचणी असते.

पीठ हे गिरणीतलं. सुताराच्या फोनमध्ये भुसा जातो, बाकीच्यांच्या फोनमध्ये खिशातला कापडाचा मळ. घामाचा ओलावा मिळाला की त्याचा घट्ट बोळा बसतो. तो काढताना लोक जे करतात त्यानेच जास्त फोन कामातून जातात. सिमचा ट्रे काढायची पिन भोकात खुपसणं हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय प्रकार. कित्येक फोनमध्ये सिमच्या ट्रेजवळच माइकचं भोक असतं, त्यामुळे काही जण तर सिम काढायच्या नादात चुकून माइकच भोसकतात. पिनने जाळी फाटते किंवा मळ आणखी आत ढकलला जातो. पंक्चरवाल्याकडच्या हवेचा झोत किंवा कॅनमधली दाबाची हवाही नको, आतला पडदा तेवढ्याने फाटू शकतो. स्पिरिट भोकात ओतलं तर मळ विरघळून जाळीवर पसरतो. मऊ केसांचा कोरडा ब्रश घ्यावा, भोक जमिनीकडे तोंड करून धरावं आणि अलगद झटकावं. एवढ्याने निघालं तर निघालं. नाही निघालं तर पुढचं काम दुकानदाराचं.

गिरणीतला फोन झटकला, पांढरी भुकटी पडली, पण आवाज अर्धाच सुधारला. कारण मालकांनी फोन पडू नये म्हणून त्यावर जाड रबरी कव्हर घातलं होतं, बाजारातलं स्वस्तातलं.

अशा कव्हरचे दोन त्रास असतात. एक म्हणजे त्याचं भोक फोनच्या भोकावर नेमकं येत नाही. जवळच्याच दुसऱ्या मॉडेलसाठी केलेलं कव्हर ‘बसतंय की’ म्हणून विकलं जातं आणि माइकच्या तोंडावर रबर येतं. दुसरा त्रास दिसत नाही. कव्हर जाड असलं की त्याचं भोक म्हणजे एक लांब बोळ होतो. आवाज त्यातून जाताना बसका होतो, शिवाय कव्हर आणि फोन यांच्यातल्या फटीत शिरून इकडे तिकडे फिरतो. स्पीकरवर बोलताना समोरच्याचा आवाज याच फटीतून सरळ माइकपर्यंत जातो. मग प्रतिध्वनी रोखणारा प्रोग्रॅम घाबरून आपलाच आवाज कापायला लागतो. पाकिटासारखं उघडणारं कव्हर बोलताना मागे दुमडलं तर मागचा माइक झाकला जातो, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

कव्हरची खात्री करायला एक मिनिट पुरतं. त्याच माणसाला, त्याच जागेवरून दोन कॉल करायचे, एक कव्हरसकट, एक कव्हर काढून. फोन धरताना करंगळी खालच्या कडेखाली टेकवायची सवय असेल तर तीही सोडून बघायची. अनेकांच्या करंगळीने कॉलभर माइक झाकलेला असतो.

उरली ती आवाज गाळण्याची सेटिंग. भोक मोकळं आणि कव्हर काढलेलं असतानाही आवाज जात नसेल, तर पलीकडच्याला विचारावं की नेमकं काय ऐकू येतं. पूर्ण वेळ बारीक आणि बसका आवाज येत असेल तर संशय बुजलेल्या भोकावर. आवाज येतो-जातो, शब्दाची सुरुवात गायब होते, पाण्यातून बोलल्यासारखं वाटतं आणि शांत खोलीत गेलं की सगळं सुरळीत होतं, तर संशय गाळणीवर. आयफोन 12 आणि त्याआधीच्या फोनमध्ये ही गाळणी बंद करता येते: Settings > Accessibility > Audio & Visual > Phone Noise Cancellation. नव्या आयफोनमध्ये हा खटका नाही, पण कॉल चालू असताना Mic Mode मध्ये Standard की Voice Isolation हे निवडता येतं. Voice Isolation एकट्याने रस्त्यावर बोलताना उत्तम काम करतं. पण स्पीकरवर फोन ठेवून अख्खं घर परदेशातल्या मुलाशी बोलत असेल आणि आजी पलंगावरून काही विचारत असतील, तर आजींचा आवाज गोंगाट समजून गाळला जाण्याची शक्यता असते. तिथे Standard बरं. अँड्रॉइडवर या सेटिंगचं नाव आणि जागा कंपनीगणिक बदलते, कॉलच्या किंवा साउंडच्या सेटिंगमध्ये शोधावं लागतं, काही फोनमध्ये ती बंद करताच येत नाही.

यातलं काहीही करण्याआधी ब्लूटूथ बंद करून एक कॉल मात्र करावाच. पिशवीतल्या डबीतून अर्धवट बाहेर राहिलेले इअरबड्स कॉल स्वतःकडे ओढून घेतात आणि माणूस कानाला लावलेल्या फोनमध्ये उगाच बोलत बसतो.

गिरणीवाल्यांनी शेवटी फोन दुरुस्तीला दिला. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये खालचा माइक आणि चार्जिंगची खाच एकाच छोट्या पट्टीवर असतात, दुकानदार तिला सब-बोर्ड किंवा चार्जिंग बोर्ड म्हणतात. ती बदलली की माइकही नवा मिळतो, मुख्य बोर्डाला हात लावावा लागत नाही. फक्त जुनी जाळी आणि रबराची चकती परत नीट बसली पाहिजे. घाईत चकती टेबलावरच राहिली तर भोक आणि माइक यांच्यात फट राहते, फोनमधल्याच स्पीकरचा आवाज आतून माइकमध्ये शिरतो आणि पलीकडच्याला स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागतो. म्हणून मुलीने पैसे देण्याआधी दुकानातूनच दोन कॉल केले, एक कानाला लावून, एक स्पीकरवर, तेही कव्हर चढवून. नवं कव्हर होतं, खालची कड पूर्ण उघडी असलेलं.