दोन काल्पनिक देश आणि वीस गुण

'क' देश शेजारच्या 'ख' देशातल्या बंडखोरांना पैसे, शस्त्रे आणि प्रशिक्षण देतो. बंडखोर सीमेवरच्या चौकीवर हल्ला करतात, त्यात 'ख'चे बारा सैनिक मरतात. तीन आठवड्यांनी 'ख'ची विमाने 'क'मधल्या प्रशिक्षण छावणीवर आणि दूरच्या वीजकेंद्रावर बॉम्ब टाकतात. आता दोन्ही देशांना कायदेशीर सल्ला द्या.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या परीक्षेत शोभेल असा हा घटनाधारित प्रश्न. त्याचा पाया निकाराग्वा विरुद्ध अमेरिका या खटल्यात आहे. 1986 च्या निकालात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सांगितले की कोन्त्रा बंडखोरांना केवळ पैसा आणि शस्त्रे पुरवल्याने त्यांची सगळी कृत्ये अमेरिकेच्या नावावर लागत नाहीत. त्या विशिष्ट कारवायांवर तिचे परिणामकारक नियंत्रण असावे लागते.

म्हणून प्रश्न काढणाऱ्याचे खरे कौशल्य एका वाक्यात असते. 'हल्ला क देशाच्या आदेशाने झाला' असे लिहिले, तर विद्यार्थ्याला विचार करायला काही उरत नाही. त्याऐवजी लिहावे: 'हल्ल्याच्या आदल्या दिवशी क देशाच्या अधिकाऱ्याने बंडखोरांना चौकीचा नकाशा दिला.' ही मदत होती की नियंत्रण, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. प्रत्येक तपशील वगळून पाहावा. उत्तर बदलत नसेल, तर तो तपशील निरुपयोगी.

वीस गुण असे वाटता येतील. हल्ला 'क'च्या नावावर लागतो का, याला सात. त्यातले दोन राखून ठेवावेत ते अशा विद्यार्थ्यासाठी, जो ओळखतो की हल्ला 'क'च्या नावावर लागला नाही, तरी बंडखोरांना शस्त्रे व प्रशिक्षण देणे हाच सनदेच्या कलम 2(4) चा भंग ठरू शकतो. नुसता पैसा देणे हा मात्र अंतर्गत कारभारातला हस्तक्षेप. हा भेद पुष्कळांच्या नजरेतून निसटतो. चौकीवरचा हल्ला कलम 51 मधल्या 'सशस्त्र हल्ल्या'इतका गंभीर होता का, याला पाच. प्रतिहल्ल्याची गरज आणि प्रमाण यांना पाच: तीन आठवड्यांनंतर धोका उरला होता का, आणि वीजकेंद्राचा छावणीशी संबंध काय? सुरक्षा परिषदेला कळवले का, याला एक. कोणी कोणती भरपाई द्यावी, याला दोन.

गुणदान योजनेत आणखी एक सूचना स्पष्ट लिहावी. पहिल्या टप्प्यावर वेगळा निष्कर्ष काढणाऱ्याचे पुढचे गुण कापू नयेत. त्याच्या निष्कर्षाला धरून पुढचा युक्तिवाद तपासावा. ही सूचना नसेल, तर एकच चूक विद्यार्थ्याला तीनदा भोवते आणि दोन परीक्षक त्याच उत्तराला फार वेगळे गुण देतात.

'क' जिंकला की 'ख', याला एकही गुण ठेवू नये. गुण मिळावेत ते वस्तुस्थितीला नियम कसा लावला, यासाठीच.