आजारपणानंतर टप्प्याटप्प्याने कामावर

समजा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या हिशेब विभागातला कर्मचारी क्षयाच्या लांब उपचारानंतर परततो आहे. डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आहे, पण पूर्ण पाळीचा ताण अजून झेपणार नाही. कमी तासांनी परतणे बहुतेक खासगी ठिकाणी साहेबांच्या संमतीवरच ठरते. म्हणून पत्रात विनंतीसोबत वेळापत्रकही हवे :

‘मा. व्यवस्थापक साहेब, डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार पहिले दोन आठवडे रोज चार तास, पुढचे दोन आठवडे सहा तास आणि पाचव्या आठवड्यापासून पूर्ण वेळ काम करण्याची परवानगी मिळावी. सुरुवातीला बिलांची नोंद व बँकेचा ताळमेळ मी पाहीन. महिनाअखेरीचे काम तूर्त सहकाऱ्याकडे राहावे. दुसऱ्या आठवड्याअखेर आढावा घेऊ. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’

प्रमाणपत्रावर नुसते ‘कामास योग्य’ असेल, तर कमी तासांना आधार उरत नाही. डॉक्टरांकडून तास आणि मुदत लिहून घ्यावी. आजाराचा तपशील पत्रात देण्याची गरज नाही.

पगाराचा मुद्दाही आधीच लेखी ठरवावा. ईएसआयचा आजारपण लाभ कामावर न गेलेल्या, प्रमाणित दिवसांसाठी असतो. अर्धा दिवस काम केले, तर उरलेल्या तासांची भरपाई तिथून मिळत नाही. ते तास शिल्लक रजेतून वळते करायचे की तेवढा पगार कापायचा, हे विचारून घ्यावे.

आढाव्याच्या वेळी संध्याकाळी ताप किंवा दुसऱ्या दिवशीही न जाणारा थकवा असेल, तर तास न वाढवता आधी डॉक्टरांना भेटावे.